फ्रेमच्या पट्टीखालची तारीख

आमच्या गिरणीत माझ्या तक्त्याला सगळे कुंडली म्हणतात. ट्रेनिंग रूमच्या भिंतीवर तो लावलेला असतो. डाव्या बाजूला खालपर्यंत माणसांची नावं, वरच्या ओळीत आडवी प्रशिक्षणं: आग विझवणं, प्रथमोपचार, फोर्कलिफ्ट, डोळ्यांची तपासणी, उंचीवरचं काम. प्रत्येक चौकोनात एकच तारीख. ती प्रशिक्षण घेतल्याची नाही, संपण्याची. मुदत संपायला तीन महिन्यांपेक्षा जास्त वेळ असेल तर चौकोन हिरवा, तीन महिन्यांच्या आत आली तर पिवळा, उलटून गेली तर लाल. लाल झालेल्या माणसानं ते काम करायचं नाही, मग तो कोणी का असेना.

"मॅडम, आमची साडेसाती कवा लागते, पाहा ना जरा!" पोट्टे दारातून ओरडून जातात. मीही सोडत नाही. "तुही साडेसाती सप्टेंबरात हाय. आग विझवायचं शिकून घे, नाहीतं मीच तुले पेटवून देईन!"

अमरावतीजवळच्या या सूतगिरणीत मी बावीस वर्षं काढली. आधी हजेरी लिहायची, आता हा तक्ता सांभाळते. माझं शिक्षण बारावी. कॉम्प्युटर मी चाळिशीत शिकले, लेकीच्या वहीतली सूत्रं उतरवून घेऊन. माझ्याआधी प्रमाणपत्रं एका पत्र्याच्या पेटीत कोंबलेली असायची आणि ऑडिट आलं की धावपळ. दर तिमाहीच्या आधी पुढच्या तीन महिन्यांत कोणाकोणाचं नूतनीकरण आहे, याची यादी मी काढते, खातेप्रमुखांना देते आणि पाठीस लागते. मी पाठीस लागले की भलेभले वाकतात. मला याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

आता मुख्य गोष्ट. गिरणीत सुताच्या खोक्यांचे थर उचलून गोदामात रचणारे नऊ फोर्कलिफ्ट चालक आहेत. त्यातला सगळ्यात कसबी माणूस माझा नवरा. ही नवरेपणाची शिफारस नाही, कोणालाही विचारा. ट्रकच्या फळीपासून बोटभर अंतरावर तो खोकी ठेवतो. लग्नानंतर दोघं एकाच गिरणीत, म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं होतं की गेटच्या आत नवरा-बायको नाही. आत गेलं की तो मला मॅडम म्हणतो आणि मी त्याचं आडनाव घेऊन "भाऊ" म्हणते. घरी आल्यावर त्याचं हसू व्हायचं, पण बावीस वर्षांत नेम मोडला नाही.

त्या जून महिन्यात जुलै-ऑगस्ट-सप्टेंबरची यादी काढायला बसले. जुलैच्या शेवटी सूत घेणाऱ्या कंपनीचं मोठं ऑडिट होतं, म्हणून यंदा मी फॅक्टरीचे नियमही पुन्हा एकदा ओळीनं वाचले. आणि वाचता वाचता एका ओळीवर अडकले. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याचे डोळे आणि रंगांची ओळख दर बारा महिन्यांनी तपासायची, हे मला माहीत होतं. माझ्या सूत्रात सगळ्यांना बारा महिनेच होते. पण पुढे लिहिलं होतं, पंचेचाळीस वर्षं ओलांडली की दर सहा महिन्यांनी. ती ओळ मी इतकी वर्षं कशी गिळून बसले होते, देव जाणे.

मी जन्मतारखांचा रकाना काढला. नऊ जणांची शेवटची तपासणी जानेवारीच्या वीस तारखेला झाली होती. दोघं तर आधीच पंचेचाळिशीच्या पुढचे, म्हणजे त्यांची मागल्या जुलैतली तपासणी माझ्यामुळे हुकली होती. आणि येत्या एक जुलैला आणखी चौघं पंचेचाळिशी ओलांडत होते. चौघंही एकाच तारखेला! कारण काय, तर चौघं जुन्या जिल्हा परिषद शाळांचे. तिथल्या गुरुजींनी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का पाहिलं, लागला की "सहा वर्षांचा झाला" म्हणून एक जुलै लिहून टाकली. आमच्या पिढीत अर्धं वऱ्हाड एक जुलैला जन्मलं आहे.

त्या चौघांत माझा नवरा होता.

सूत्र दुरुस्त केलं तशी सहा चौकोनांची तारीख पुढच्या जानेवारीवरून सरकून वीस जुलैवर आली. हिरवे चौकोन पिवळे झाले. त्याच्या नावापुढचाही झाला. मी तक्ता छापला आणि साहेबांच्या टेबलावर नेला.

आमचे साहेब वाईट माणूस नाहीत, पण घाईचे आहेत. "ताई, ऑडिटच्या तोंडावर कशाला हे? आता बारा महिने राहू द्या, ऑगस्टात बघू."

"साहेब, चूक माझी हाय, मी लिहून देतो तसं. पण माहित झाल्यावर तारीख दडवली तं तो माहा तक्ता नाही राहणार, मंग तुमीच सांभाळा." वऱ्हाडात बाईमाणूसही 'देतो, जातो' म्हणून जाते, साहेबांना त्याची सवय झाली आहे. ते हसले, नियम वाचला आणि सही केली. मागल्या वर्षीच्या हुकलेल्या तपासणीची नोंदही मी माझ्या हातानं लिहून फाईलला लावली.

घरी मात्र सही करायला कोणी नव्हतं. जेवताना मी नवऱ्याला सांगितलं. तो ताटावरून उठला नाही, पण भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

"मी पंचेचाळीसचा नाही."

"शाळेच्या टीसीवर हाय ना."

"टीसी गुरुजीनं लिवली. माही माय सांगे, मी संक्रांतीच्या टायमाले झालो. तीळ कुटता कुटता कळा आल्या तिले. म्हणजे अजून सा महिने बाकी हायेत."

"मंग नोकरीले लागतानी संक्रांत सांगायची होती! तवा एक जुलै बरी होती, नाही का?"

"तुह्या त्या कुंडलीत घरचा माणूस बी दिसत नाही तुले?"

"दिसते ना! म्हणूनच लिवलं."

त्याला तपासणीचा राग नव्हता, भीती होती. आणि ती मला माहीत होती, हेच त्याला सलत होतं. गेल्या काही महिन्यांपासून स्टँडवर बस जवळ येईपर्यंत तो पाटी वाचत नव्हता. "कोणती हाय गं?" असं सहज विचारल्यासारखं विचारायचा. मी मुकाट्यानं सांगायची. गोदामातल्या पाचव्या थरावरची चिठ्ठी त्याला दिसते की त्याच्या हाताला सवय आहे, याचा विचार मी मनातून झटकून टाकायची. एका बायकोनं असं करणं ठीक होतं. पण तक्ता सांभाळणाऱ्या बाईला ते शोभत नव्हतं. मला माझी लाज वाटली.

त्या दिवसापासून त्यानं माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. "मीठ दे." "लाईट गेली." एवढंच. लेक अकोल्याला शिकायला असते, ती फोनवर विचारायची, "आई, बाबा काहून इतके गुमसुम हायेत?" मी म्हणायची, "उन्हं हायेत." जूनच्या अखेरीला कसलं ऊन!

जुलैच्या पहिल्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सहाही जणांना पाठवलं. पाच जण झाले पास. माझ्या नवऱ्याच्या कागदावर लिहून आलं: रंग बरोबर ओळखतो, डोळ्यांना आजार नाही, लांबचा नंबर वाढला आहे, चष्मा लागल्यावर पुन्हा दाखवून मगच यंत्र चालवणे. तारखेच्या चौकोनात तोवर लाल.

मी तो चौकोन लाल केला, तेव्हा तो समोर उभा होता. दोन्ही शिफ्टची माणसं दारात जमली होती, कोणी कुंडलीची गंमत केली नाही. त्यानं खिशातून फोर्कलिफ्टची चावी काढली. त्या चावीला त्यानं कधीकाळी मोझरीच्या आश्रमातून आणलेला भगवा दोरा बांधला होता. चावी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "घ्या मॅडम."

बाकी सगळं मी सहन केलं असतं. त्या 'घ्या मॅडम'नं माझा जीव तुटला. मला वाटलं, हा माणूस आता गेटच्या बाहेरही मला मॅडमच म्हणणार, बायको म्हणून माझ्याकडे पुन्हा बघणार नाही.

चष्मा यायला, मग पुन्हा डॉक्टरांना दाखवायला नऊ दिवस गेले. ते नऊ दिवस तो गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. त्याच्या यंत्रावर दुसरा चालक होता. जेवणाच्या सुट्टीत मी खिडकीतून बघायची, तर हा यंत्राच्या टायरला पायानं ठोकून हवा बघून जायचा. दहाव्या दिवशी डॉक्टरांचा 'चष्म्यासह योग्य' असा कागद आला. मी पुढची तारीख जानेवारीची टाकली, चौकोन हिरवा केला आणि चावी हातात दिली. त्यानं चष्मा नाकावर सारखा केला, वर पाचव्या थराकडे बघितलं आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "मायबाई! अक्षरं हायेत म्हणा तिथं." मग माझ्याकडे न बघताच यंत्रावर चढला.

मग ऑडिटवाल्यांचं पत्र आलं. ज्यांची नावं निवडली जातील त्यांची मूळ प्रमाणपत्रं हजर ठेवा, झेरॉक्स चालणार नाही. आता इथली गंमत ऐका. गिरणीनं प्रमाणपत्रं दिली ती कार्यक्रम करून, हार घालून. आमच्याकडे शिकलेल्याचा कागद पेटीत ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारात नेऊन त्याला काच-लाकडाची फ्रेम करतात आणि बैठकीत बाबासाहेबांच्या नाहीतर घरच्या देवाच्या फोटोखाली लावतात. पाहुणा आला की आधी भिंत दाखवायची, मग पाणी. त्यामुळे मी "मूळ प्रत आणा" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी गेटवर सगळे टॉवेलात, लुगड्यात गुंडाळलेल्या फ्रेमा काखेत मारून उभे! वॉचमन बिचारा हैराण. एकाची काच बसमध्ये फुटली, तर तो मलाच म्हणाला, "मॅडम, भरून द्या." मी म्हटलं, "फोटो काढून ठेवायचा होता आधी, आता माह्या डोक्यावर नाही फोडायची!"

आमच्याही बैठकीत दोन फ्रेमा शेजारी शेजारी होत्या. एक त्याची, फोर्कलिफ्टची. एक माझी, प्रथमोपचाराची. तीन वर्षांपूर्वी गिरणीनं दोन बायकांना अकोल्याला पाठवलं होतं, त्यातली मी एक. पॅकिंगच्या भिंतीवरच्या औषधपेटीवर माझं नाव आहे: प्रशिक्षित व्यक्ती. कोणाचं बोट चेपलं, कोणाला भोवळ आली की मला हाक येते. त्या नावाची मला माझ्या पगारापेक्षा जास्त ऐट होती.

ऑडिटच्या आदल्या रविवारी तो पेचकस घेऊन खाली बसला आणि आपली फ्रेम सोडवली. कागद मला देऊन झाल्यावर त्याच्या काय मनात आलं कोण जाणे, त्यानं माझीही फ्रेम उतरवली. "याच्यावर धूळ बसली हाय," म्हणाला. मागची फळी काढली, कागद बाहेर घेतला आणि चष्मा सावरून खालपर्यंत वाचत गेला.

"हे पाहा," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो माझ्याशी आपणहून बोलत होता.

फ्रेमवाल्यानं सोनेरी पट्टी रुंद लावली होती. कागदाची शेवटची ओळ त्या पट्टीखाली दबली होती. तीन वर्षं मी त्या कागदाकडे रोज बघितलं होतं आणि ती ओळ कधी बघितलीच नव्हती. तीन वर्षांसाठी वैध, असं लिहिलं होतं. शेवटची तारीख अकरा जुलै. आज तेवीस होती.

माझा पहिला बोल असा निघाला: "पण तक्त्यात..."

"तक्त्यात तू हायेस कुठं?"

मी तक्ता डोळ्यांसमोर आणला. वरून खाली सगळी नावं. ती मी घेतली होती कामगारांच्या हजेरीतून. माझी हजेरी स्टाफच्या वेगळ्या वहीत. दोनशेच्या वर माणसांची मुदत मोजणारी मी, माझ्याच तक्त्यात मी नव्हते. जूनमध्ये काढलेल्या यादीत माझं नाव यायला हवं होतं. बारा दिवस त्या पेटीवर माझं नाव खोटं लटकत होतं, आणि त्यात गेल्या सोमवारी मी एका पोरीच्या कापलेल्या बोटाला पट्टी केली होती, "घाबरू नको, मी शिकलेली हाय," असं म्हणत.

मला रडू फुटलं. तो आता हसेल, महिनाभराचं उट्टं काढेल, असं वाटलं आणि काढलं असतं तर हक्कच होता त्याचा. त्यानं ग्लासभर पाणी आणून दिलं.

"लाल कर," तो म्हणाला.

"परवा ऑडिट हाय..."

"म्हणूनच म्हणतो. माहा तं सगळ्यांसमोर केला होता ना?" मग थांबून म्हणाला, "कर. चावी ठेवतानी लय दुखते, पण मरत नाही माणूस."

सोमवारी सकाळी गेल्या गेल्या मी स्टाफची वही उघडली आणि आमची सात नावं तक्त्यात शेवटी घातली. सहा जणांचं ठीक निघालं. सातवी मी. प्रथमोपचाराच्या चौकोनात अकरा जुलै टाकली आणि चौकोन लाल झाला. पेटीवरचं माझं नाव मी स्वतः सोललं. माझ्याबरोबर अकोल्याला आलेली दुसरी बाई गिरणी सोडून गेली होती, पण वाइंडिंग खात्यातल्या एका ताईचं प्रशिक्षण नंतरचं, तिची मुदत अजून वर्षभर होती. तिचं नाव पेटीवर चिकटवलं आणि तिला पॅकिंगजवळ बसवायला खातेप्रमुखाला सांगितलं. अकोल्याला फोन लावून पुढच्या सोमवारच्या तुकडीत जागा घेतली. साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, पण या वेळी "राहू द्या" म्हणाले नाहीत.

मंगळवारी ऑडिटरबाई आल्या. पुण्याच्या, बारीक आवाजाच्या, हातात वही. तक्त्यासमोर उभ्या राहून त्यांनी बोट फिरवत सात-आठ नावं निवडली आणि बोट शेवटच्या लाल चौकोनाशी थांबलं.

"या कोण?"

"मी," म्हटलं. माझे कान तापले होते. "मुदत संपली, बारा दिवस मले समजलं नाही. परवा समजलं. काल पेटीवरून नाव काढलं, तिथं दुसरी बाई दिली, येत्या सोमवारी अकोल्याले जातो मी. आन स्टाफचे लोक तक्त्यात नव्हते, ते बी घातले." घाबरले की माझं पुस्तकी मराठी पळून जातं.

त्यांनी लिहून घेतलं, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. मग म्हणाल्या, "फोर्कलिफ्ट बघू."

गोदामात त्यांनी माझ्या नवऱ्याला थांबवलं. चष्मा घालून, चौथ्या थराला खोकी लावून तो खाली उतरला. आजूबाजूला दहाबारा माणसं कामाचं सोंग घेऊन कान टवकारून उभी. मी मागे फाईल छातीशी धरून.

"तुमची डोळ्यांची तपासणी वर्षात दोनदा का?" त्यांनी विचारलं.

आता संक्रांत निघते की काय!

"मी पंचेचाळीसचा झालो, बाई," तो म्हणाला. "एक जुलैले. पंचेचाळीसच्या वर सा महिन्यांनी दाखवा लागते. नंबर निघाला तं नऊ दिवस मशीनवर नव्हतो, चावी जमा होती. चष्मा आला, डॉक्टरनं लिहून देल्लं, तवा बसलो."

"हे तुम्हाला कोणी समजावलं?"

त्यानं माझ्याकडे हात केला. बावीस वर्षं गेटच्या आत जे कधी झालं नाही ते त्या दिवशी सगळ्या गोदामासमोर झालं.

"यांनी. माही बायको हाय ते," तो मोठ्यानं म्हणाला. "मले लाल केलं, मंग सोताले बी लाल केलं. तिच्या तक्त्यात लबाडी नाही चालत."

ऑडिटरबाईंनी वहीतून मान वर केली आणि पहिल्यांदा हसल्या. पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या. मी सगळ्यांवर खेकसले, "काम नाही का रे तुमाले?" आणि फाईल तोंडासमोर धरली, कारण मला तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती.

अहवालात माझ्या लाल चौकोनाची नोंद आली. आपणहून उघड करून सुधारलं, असंही त्याखाली आलं. पुढच्या सोमवारी सकाळी त्यानं मला अकोल्याच्या बसमध्ये बसवून दिलं. पाटी लांबूनच वाचली त्यानं, मी विचारायच्या आधी. नवा कागद घेऊन आले तेव्हा तो फ्रेमवाल्याकडे माझ्यासोबत आला आणि काउंटरवर बोट ठेवून सांगितलं, "पट्टी बारीक लावजो बाप्पा. खालची ओळ दिसली पायजे."

आता ती दिसते. पाहुणे आले की तो त्यांना तीच ओळ आधी दाखवतो.